रिकामी प्लेट

दहा दिवस झाले, जंतू वाढवायच्या प्लेटवर काही म्हणता काही उगवलं नाही. कोळसा घातलेलं काळं माध्यम तसंच काळंभोर, स्वच्छ. सगळ्या हॉस्पिटलात आनंदीआनंद. एकट्या प्लेटवाल्या बाईंचाच जीव थाऱ्यावर नव्हता.

प्लेटवाल्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं तेच काम. त्यांची सही झाल्याशिवाय अस्थिमज्जा बदलायचा वॉर्ड उघडत नसे. तो वॉर्ड महिनाभर बंद होता, कारण गरम पाण्याच्या पाइपात लिजिओनेला नावाचा जंतू सापडला होता. नळाच्या, शॉवरच्या तुषारांबरोबर तो फुप्फुसात उतरतो. धडधाकट माणूस एखाद्या वेळी निभावून नेतो, पण त्या वॉर्डातल्या माणसांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दामच शून्यावर आणलेली असते.

आणि सोमवारी त्याच वॉर्डात बाईंचा धाकटा भाऊ दाखल व्हायचा होता. बंड्या. त्रेचाळीस वर्षांचा घोडा झाला तरी बाईंच्या तोंडी बंड्याच. त्याचा रक्ताचा कॅन्सर औषधांनी कसाबसा दबला होता. तो डोकं वर काढायच्या आत बंड्याला ताईच्या, म्हणजे बाईंच्याच, रक्तातल्या पेशी चढवायच्या होत्या. भावंडांत जुळल्या त्या तिच्याच.

"झालं ना मनासारखं?" वॉर्डप्रमुखांनी फोन केला. "प्लेट रिकामी. आता सही ठोका."

"मागच्या वेळीही रिकामीच होती," बाई म्हणाल्या.

मागच्या वेळी म्हणजे पावणेदोन महिन्यांपूर्वी. तेव्हाही पाइपांत क्लोरीन सोडलं, प्लेट रिकामी आली, बाईंनी झोकात सही केली, आणि पंधरा दिवसांत वॉर्डातल्या एका बसचालकाला न्यूमोनिया झाला. त्याच जंतूचा! तो वाचला, पण दोन जिने चढला की आजही धापा टाकतो. सगळे म्हणाले, घरून घेऊन आला असेल. बाईंनीही मान डोलावली होती. ती मान आता त्यांना खुपत होती.

म्हणून या वेळी त्यांनी त्याच पाण्याचा एक भाग जनुक तपासायच्या यंत्रात घातला. त्याआधी त्यात एक रंग मिसळला. हा रंग फुटक्या जंतूंत शिरतो आणि त्यांचं जनुकद्रव्य यंत्रापुरतं बाद करून टाकतो. उरतात ते अभंग कातडीचे जंतू. यंत्रानं सांगितलं, लिजिओनेला आहे. थोडाथोडका नाही, भरपूर आहे.

"प्लेटवर नाही, यंत्रात आहे. आता खरं कुणाचं मानायचं?" पाइपांची देखभाल करणारे दादा डोकं खाजवत म्हणाले. "बाई, मेलेल्यांना कशाला उकरून काढता?"

"मेलेले असते तर मी पेढे वाटले असते, दादा. क्लोरीननं अर्धमेले झालेत. जीव धुगधुगतोय, पण प्लेटवर वाढायची ताकद नाही. जंतू वाढला तर ठिपका दिसणार. न वाढता नुसता जिवंत राहिला, तर प्लेटला तो कळायचाच नाही."

"मग पडू द्या की तसेच. कुणाला काय त्रास?"

"तसेच पडून राहतील याची हमी कोण देणार? पाइपाच्या आत शेवाळासारखा थर असतो, त्यात अमीबा असतात. अमीबा त्यांना गिळतो आणि हे आतल्या आत बाळसं धरतात. आपल्या फुप्फुसातल्या पहारेकरी पेशीही तसंच गिळतात, आणि तिथंही हे तसेच वाढतात."

दादांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "नळांना फिल्टर लावा म्हणून मी कधीचा घसा कोरडा करतोय. प्रमुखसाहेब म्हणतात, प्लेट रिकामी असताना खर्च कशाला?"

नियम साहेबांच्या बाजूनं होता. नियमात प्लेट होती, यंत्र नव्हतं. आणि यंत्र तरी शेवटी कातडीच तपासत होतं, जिवंतपणा नाही. तो सिद्ध करायचा एकच मार्ग होता. ते पाणी बाटलीत वाढवलेल्या अमीबांना पाजायचं, पाच दिवस थांबायचं, मग त्यातला थेंब प्लेटवर पसरायचा आणि आणखी चार दिवस वाट बघायची. नऊ दिवस!

"नऊ दिवस द्या," बाई प्रमुखांसमोर जाऊन म्हणाल्या.

"तुमचा सख्खा भाऊ रांगेत पहिला आहे, हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मला विचारता? सही तुम्ही करा. मी अडवत नाही."

प्रमुखांनी कागद उचलला, वाचला आणि पुन्हा खाली ठेवला. सही मात्र कुणीच केली नाही.

बंड्याला सांगायला बाई स्वतः त्याच्या हॉस्पिटलातल्या खोलीत गेल्या. तो पिशवी भरून बसला होता.

"ताई, रिपोर्ट चांगला आलाय म्हणे. मग घोडं अडलं कुठं?"

बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा ताठ होत गेला. "म्हणजे न दिसणाऱ्या जंतूसाठी तू मला ताटकळत ठेवणार? लहानपणी गाभुळलेली चिंचसुद्धा धुतल्याशिवाय खाऊ दिली नाहीस मला. तुझा हा स्वभाव एक दिवस माझ्या जिवावर उठेल."

बाई बाहेर आल्या आणि जिन्यात उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

ते नऊ दिवस काही सरता सरेनात. इन्क्युबेटर उघडू नये हे नवख्यांना शिकवणाऱ्या बाई दिवसातून सहा वेळा त्याच्या दाराशी. चहा गार होत होता, चष्मा डोक्यावर असताना टेबलावर शोधला जात होता. काही उगवू नये, असंही त्यांना वाटे. उगवलं नाही तर वॉर्ड उघडेल, बंड्या आत जाईल. मग लगेच वाटे, उगवलं नाही तर आपण भावाचे नऊ दिवस उगाच खाल्ले. दोन्हीकडून मरण.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी तीन प्लेटा बाहेर काढल्या. नुसत्या अमीबांची, कोरी. उकळून जंतू मारलेल्या पाण्याबरोबरच्या अमीबांची, तीही कोरी. आणि वॉर्डातल्या पाण्याबरोबरच्या अमीबांची, राखाडी पांढऱ्या ठिपक्यांनी नुसती भरलेली.

"अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बरोबर ठरल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोला? झाला. पहिल्यांदा तोच झाला.

प्रमुखांनी प्लेट उजेडात धरून पाहिली आणि तिथल्या तिथे फिल्टरांना मंजुरी दिली. दादांनी दुपारपर्यंत नळ न नळ बंदिस्त केला. फिल्टरमधून आलेलं पाणी बाईंनी यंत्रात तपासलं, काही निघालं नाही. संध्याकाळी त्यांनी सही केली, आणि जवळजवळ धावतच बंड्याच्या खोलीत गेल्या.

बंड्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. पिशवी पलंगाखाली गेली होती.

"माझाही रिपोर्ट आलाय, ताई," तो म्हणाला. "आजार उलटलाय. आता पुन्हा औषधं, पुन्हा पहिल्यापासून. ती लागू पडली तर वॉर्ड."

"कधी उलटला?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. कदाचित आधीच सुरुवात झाली असेल. कदाचित या नऊ दिवसांत." तो वळला. "सोमवारी गेलो असतो तर?"

"तर आज तुझ्यात माझं रक्त असतं. नाहीतर तू व्हेंटिलेटरवर असतास."

"यातलं कुठलं?"

"मला माहीत नाही रे, बंड्या. देवाशपथ माहीत नाही."

तो रागावेल असं बाईंना वाटलं, आणि रागावला असता तर त्यांना बरंही वाटलं असतं.

"माझ्या खाटेवर आता कोण जाणार?"

"रांगेतली दुसरी, एक बाई आहे. आता रात्रीच आत जाईल. दोन मुलं आहेत तिला."

"तिच्या नळाला फिल्टर आहे?"

"आहे. मी स्वतः पाहिला."

"शॉवरला?"

"शॉवरलाही."

"नीट बसलाय?"

दादांनी बसवला होता. शॉवरचा आटा बाईंनी स्वतः हात लावून पाहिला नव्हता.

"जा," बंड्या म्हणाला. "बघून ये. तिनं आंघोळ करायच्या आत जा."