'नेहमी' दिसलं की काट

वहिनी मुख्य स्वयंपाकीण झाली, तर तिची दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली पहाटपाळी सुटणार होती आणि नणंदेला सकाळी आपली मुलं सांभाळायला घरचं माणूस मिळणार होतं. म्हणूनच शिक्षिका असलेली नणंद तिला त्या पदाच्या परीक्षेसाठी उत्साहाने शिकवत होती.

"पर्यायात 'नेहमी' दिसलं की डोळे झाकून काट मारा. एक अपवाद निघाला तरी वाक्य खोटं."

"आणि अपवाद नसेलच तर?"

"वहिनी, कांदा चिरतानाही इतक्या शंका काढता का?"

परीक्षेत वेळ थोडा होता. घाईत वहिनी प्रश्नाआधी पर्याय वाचत होती. शेवटच्या प्रश्नात तिला 'आग नेहमी पाण्यानेच विझवावी' दिसलं. पेटलेल्या तेलावर पाणी ओतलं की काय होतं, हे तिने पाहिलं होतं. तिने ते काटलं आणि 'पेटलेल्या कढईवर झाकण ठेवावे' यावर खूण केली.

एका गुणाने ती नापास झाली. नणंदेने पेपर पाहिला.

"शेवटच्या प्रश्नात विचारलंय, कोणतं विधान बरोबर नाही? म्हणजे खोटं वाक्यच निवडायचं होतं."

"खोटं होतं म्हणूनच काटलं, ताई. तुम्हीच सांगितलंत."

"प्रश्नात 'नाही' असेल तर उलट करायचं, हे सांगायचं राहिलं," नणंद पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी वहिनी पहाटेच कामावर गेली. नणंद दोन्ही मुलांना ओढत, न विंचरलेल्या केसांनी शाळेला निघाली. भुर्दंड दोघींना पडला.