सरांचे हात फ्रेममध्ये हवेत

“हात कापू नकोस हं,” मेमरी कार्डांचं पाकीट देताना कॅमेरावाले काका म्हणाले होते. मी नुसती हसले होते. काकांना प्रत्येक शूटनंतर काहीतरी बजावायची सवयच आहे. शिवाय कडेवर अकरा महिन्यांची ढब्बी किरकिर करत होती, आणि एडिटिंगमध्ये पाच वर्षं काढल्यावर कुणी फ्रेम शिकवायला लागलं की जरा झोंबतंच. “काका, कळतं हो मला,” म्हणत मी दार लावून घेतलं.

फिल्म होती एका सुतारकामाच्या सरांवर. सरांना जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं रंधा आणि पटाशी शिकवली. आता ते निवृत्त होत होते. रविवारी, चौदा तारखेला त्यांचा निरोपसमारंभ. बावीस मिनिटांची फिल्म मी शुक्रवारी, बारा तारखेला शाळेच्या सचिवबाईंना द्यायची होती. मुलाखतीत सर हातांनी बोलले होते आणि शेजारी बसून त्यांची मुलगी ते आवाजात सांगत होती.

मी काम केलं ते नेहमीसारखं. मुलीचा आवाज ऐकत गेले, नको ती वाक्यं काढली, आणि जोड दिसू नयेत म्हणून त्यांवर शाळेच्या सुतारकामाच्या कारखान्यातली दृश्यं टाकली: भुशाचा ढीग, खिळ्यांचा डबा, खिडकीतून येणारं ऊन. मन हलवणारी जागा आली की जवळून घेतलेला सरांचा चेहरा. सगळं कसं गुळगुळीत झालं होतं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली होती.

बुधवारी दुपारी ढब्बी झोपली. हेडफोनची वायर तिने सोमवारीच चावून ठेवली होती, आणि स्पीकर लावला तर ती उठणार. म्हणून शेवटची तपासणी मी आवाज बंद करून केली. खालची सबटायटल्स तेवढी बघायची होती.

चौथ्या मिनिटाला मी थांबले. सर काहीतरी सांगायला हात उचलत होते आणि पडद्यावर भुसा आला. पुन्हा सर आले तेव्हा हात खाली जात होते. पुढे चेहरा. चेहऱ्यात हात कुठून असणार? पुन्हा पहिल्यापासून बघितलं, तेव्हा कळलं. मी कापलं होतं ते मुलीच्या आवाजावर, आणि मुलगी तर बापाच्या दीड-दोन सेकंद मागून बोलत होती. म्हणजे जिथे हात दिसत होते तिथेही वाक्याचं डोकं नाहीतर शेपूट उडालेलं. रविवारी समोर बसणारे दीडशे जण सरांसारखेच. त्यांच्या भाषेत मी सरांचं तोंड दाबून ठेवलं होतं, आणि त्यावर ऊन दाखवलं होतं. खाली अक्षरं होती, पण सर बोलताना दिसतच नसतील तर ते सर कसले?

एकसष्ट जोड होते. वही घेऊन मोजले, चौतीस चुकीचे निघाले. बाकीचेही खात्रीचे नव्हते, कारण हातांचं वाक्य कुठे संपतं हे मला कुठे कळत होतं? दोन दिवसांत होणारं काम नव्हतं ते.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सरळ लिही की बाळाला ताप आहे, आईला कोण काय बोलणार. एकदा तसं लिहिलंही. पण लिहून झाल्यावर उठून ढब्बीच्या कपाळाला हात लावून आले. गार होतं. खोटा ताप लिहायचा आणि तो खरा झाला तर, या विचाराने माझी बोटं अडली. शिकलेल्या बाईने असं म्हणू नये, ठाऊक आहे. पण मजकूर पुसला, आणि मग हे लिहिलं:

“सा. न. वि. वि. फिल्म शुक्रवारी देऊ शकत नाही. कारण माझी चूक आहे. मी आवाज ऐकून जोडकाम केलं आणि त्यात सरांचे हात चौतीस ठिकाणी झाकले किंवा तोडले गेले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सरांचं निम्मं बोलणं दिसणार नाही. काकांनी शूट नीट केलंय, एका कॅमेऱ्यात हात पूर्ण आहेत, त्यामुळे दुरुस्ती शक्य आहे. मात्र प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं आणि संपतं हे सांगायला सरांच्या मुलीच्या तीन दुपारी लागतील. एकोणीस तारखेला, शुक्रवारी, सरांना बघायला कच्ची प्रत देते. त्यांनी सुचवलेले बदल करून सोमवारी, बावीस तारखेला पक्की. समारंभासाठी हवीच असेल तर आत्ता तयार आहे ती प्रत उद्या पाठवते. पण ती दाखवू नये असं माझं मत आहे.”

पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला. काम गेलंच असं धरून चालले. पत्रिका छापल्या होत्या, आणि त्यात फिल्मचा उल्लेख होता.

वीस मिनिटांनी सचिवबाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. चौतीस कसे मोजले, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग पाळण्याची दोरी नुसतीच धरून उभी राहिले.

“अहो, दरवर्षी आमच्यावर कुणीतरी फिल्म करतं,” त्या म्हणाल्या. “ठरल्या दिवशी देतं. आमची मुलं मग छताकडे बघत बसतात, आणि आपण टाळ्या वाजवल्या की आपलं बघून हात हलवतात. आजवर उशीर करायचं कुणाच्या मनात आलं नाही.”

“मग रविवारी काय?” मी विचारलं.

“तुमची ती प्रत नको. रविवारी सरच उभे राहून बोलतील. फिल्म बावीसला, कारखान्यात, मुलांसोबत बघू. पण बावीसची तेवीस झाली ना, तर मी पिशवी भरून तुमच्या दारात राहायला येईन. बाळ सांभाळता येतं मला.”

मी हसले आणि त्याच वेळी डोळे पुसले. मग काकांना फोन करून आधी माफी मागितली. “ऐकतंय कोण म्हाताऱ्याचं,” ते म्हणाले, आणि वर, नवा हेडफोन घेऊ नकोस इतक्यात, असा टोमणाही मारला.

सरांची मुलगी तिन्ही दुपारी आली. ढब्बीला मांडीवर घेऊन ती पडद्याकडे बघायची आणि “इथून... थांब, अजून बोलतायत... हं, आता काप,” असं सांगायची. दोन वाक्यांमध्ये सर हात गुडघ्यावर टेकवतात, ते क्षणही आम्ही ठेवले. तिसऱ्या दुपारी, मी भुशाखाली पुरलेल्या एका जागी तिने मला थांबवलं.

“हे मी तेव्हा सांगितलंच नव्हतं,” ती म्हणाली. “रडू येत होतं, म्हणून ‘शेजाऱ्यांचे आभार’ एवढंच म्हणून मोकळी झाले.”

सर हातांनी सांगत होते: हिची आई गेल्यावर मी एकटा. बेल वाजली तरी मला काय कळणार? खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई रोज सकाळी रस्त्यावरून माझ्या खिडकीच्या पडद्याकडे बघते. उघडा असला तर कामाला जाते. एकदा बंद होता, तर किल्ली घेऊन वर आली. मी न्हाणीघरात पडलो होतो. तिला मी कधी थँक्यू म्हटलं नाही, तिला माझी भाषा येत नाही. इथे म्हणतो.

एक्केचाळीस सेकंदांचं आहे हे बोलणं. कुठेही न कापता ठेवलंय. बावीस तारखेला शिवणकामवाल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. मुलीने त्यांना कानात अर्थ सांगितला, आणि मागे टाळ्यांऐवजी दीडशे हात वर हलत होते.

हे वाचून संपल्यावर एक काम करा. तुमच्या जिन्यात, गल्लीत, बेल ऐकू न येणारं किंवा उठून दार उघडायला जड जाणारं कुणीतरी एकटं राहत असेल. उद्या सकाळी जाता जाता त्यांचा पडदा उघडलाय का, तेवढं बघा. बंद असेल तर वर जा.