तीन सेकंदांत चिंबोरी

अरे ऐक तर, मध्ये बोलू नको, आधी पूर्ण ऐक. आपली अक्षदा, डिलाईल रोडच्या चाळीतली, ती परळला व्हिडिओवाल्या ऑफिसात लागली ना? तिथे ती एक सिरीज करते, ‘सण सांगा’. छोटे छोटे व्हिडिओ. ती समोर उभी राहून प्रश्न विचारते, स्क्रीनवर तीन पर्याय येतात, मग टिक टिक टिक वाजतं, आणि मग बरोबर उत्तराला हिरवी पट्टी. ती टिकटिक तीन सेकंदांचीच. जास्त ठेवली तर माणसं अंगठ्याने पुढे ढकलतात, कमी ठेवली तर उत्तर द्यायला वेळच मिळत नाही.

तर गणपतीच्या आधी सगळी भट्टी पेटलेली. प्रश्न ही लिहिणार, बोलणार ही, साडी बदलून बदलून एका दिवसात सहा-सात एपिसोड शूट. घरी आली की जेवतानाच डोळे मिटायचे. आणि त्यात गौरीच्या नैवेद्याचा प्रश्न आला. हिने आधी सरळ लिहिलेलं, की बाबा हे घराघरावर असतं, कुठे पुरणपोळी, कुठे तिखटाचा, म्हणजे मटण-माशाचा, नैवेद्य. तर तिचे बॉस, हर्षवर्धन सर म्हणाले, “अक्षदा, क्विझ आहे ना ही? हिरवी पट्टी एकालाच लागते. आणि स्पॉन्सर तुपवाला आहे, पुरणपोळीच घे.”

हिच्यात भांडायची ताकदच नव्हती रे. म्हणाली, ठीक आहे, पुरणपोळी. मग सर म्हणाले, तिसरा पर्याय जरा फनी दे, लोक हसतील असा. आणि हिच्या दमलेल्या डोक्यात पहिलं काय आलं? चिंबोरी. खेकडा रे! घरचीच गोष्ट, लगेच सुचली. सर टेबलावर हात मारून हसले. कॅमेऱ्यासमोर हिने नाक मुरडून म्हटलंसुद्धा, “गौरी आणि चिंबोरी? काहीतरीच!”

एडिटर धम्मपाल. त्याने बझर लावला, लाल फुली लावली. नंतर कॅन्टीनमध्ये हळूच म्हणाला, “आमच्याकडे गणपती नाही की गौरी नाही, मला काय विचारू नको. पण गेल्या वर्षी तुझ्या डब्यातला गौरीचा रस्सा मी चाटूनपुसून खाल्लाय. चिंबोरीचाच होता ना?”

“गप रे,” ही म्हणाली. “कोण बघतंय एवढं.”

कोण बघतंय म्हणे! हिची आई बघते ना. अंबिका काकू प्रत्येक एपिसोड बघतात. चाळीच्या गॅलरीत शेजारणींना गोळा करून, फोन कठड्याला टेकवून. टिकटिक सुरू झाली की त्या मोठ्याने उत्तर देतात, आणि हिरवी पट्टी आली की असा चेहरा, जसं काय बोर्डात आल्यात. पोरीचा कार्यक्रम आणि आईला सगळं येतं, अजून काय पाहिजे?

गौरी आल्या त्या दिवशी तो व्हिडिओ पडला. संध्याकाळी अक्षदा घरी पोचली तर मोरीत बादली, बादलीवर ताट, ताटावर पाटा, आणि आत चिंबोऱ्यांची खडखड. दुसऱ्या दिवशी नैवेद्य ना! आणि यंदा खास, कारण हिच्या भावाच्या, जयवंतच्या बायकोचा, दीपिकाचा, पहिलाच ओवसा, म्हणजे नव्या सुनेने सुपात वाण भरून गौरीला ओवाळायचं. दीपिका दादरची, माहेरी अंडंसुद्धा शिजत नाही. ती बिचारी मोरीच्या दारात उभी, फोन हातात.

“आई, रागावू नका हां,” ती म्हणाली, “पण हा व्हिडिओ माझ्या आईने पाठवलाय. गौरीला हे चालत नाही म्हणे. आणि हे अक्षदाताईच सांगतायत.”

“आमचा अक्षदा? दाखव बघू.” असं मालवणीत म्हणत काकूंनी पदराला हात पुसले. सकाळपासून गौरीच्या गडबडीत त्यांनी फोन हातात घेतलाच नव्हता.

अक्षदा चपला काढत होती. एक पायात, एक हातात. अरे, तिला ओरडायचं होतं की नको लावू. पण तोवर दीपिकाने लावलासुद्धा. प्रश्न झाला, पर्याय आले, टिकटिक सुरू झाली. आणि काकू? खूश होऊन, बादलीकडे बोट दाखवून, शेजारच्या मीराबाई दारात डोकावल्या इतक्या जोरात म्हणाल्या, “चिंबोरी!”

बझर वाजला. लाल फुली. आणि पोरीचाच आवाज, “काहीतरीच!”

कोणी हसलं नाही रे. हसलं असतं तर बरं झालं असतं. काकू स्क्रीनकडे बघत राहिल्या. व्हिडिओ परत पहिल्यापासून सुरू झाला, परत टिकटिक आली. या वेळी त्यांनी फोन दीपिकाच्या हातात परत दिला.

“चुकला माझा,” शेवटी म्हणाल्या. “माझ्या सासून सांगल्यान, तसा मी करत इलंय. मीराबाई, बादली तुम्ही घेवा. दीपिका, पुरण घालू उद्या.”

“आई, चुकलं नाही तुझं,” अक्षदा म्हणाली. “ते आम्ही असंच लिहिलं. हसायला.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं. “असाच? मगे बाकीचे? मी आजपर्यंत इतकी उत्तरां दिलंय, तीव असाच?”

गॅलरीत जाऊन तिने सरांना फोन लावला. म्हणाली, सर, व्हिडिओ काढा, नाहीतर निदान चूक कबूल करणारी कमेंट वर पिन करा. सर तर आनंदात! “अगं, कमेंट बघितल्यास का? अर्धं कोकण भांडतंय खाली. काढायचा कशाला? तुझ्या घरी करतात ना? मग उद्या आईचा नैवेद्य शूट कर. तोच प्रश्न, तीच टिकटिक, आणि या वेळी चिंबोरीला हिरवी पट्टी. आईचा मान राहील, आपला भाग दोन होईल.”

आता तुला माहितीये ना, त्यांच्याकडे हा नैवेद्य कसा दाखवतात? गणपती आणि गौरी यांच्यामध्ये पडदा ओढतात. बाप्पालासुद्धा दिसू द्यायचं नाही. घरातली माणसंसुद्धा त्या वेळी हळू आवाजात बोलतात. आणि ते लाखो लोकांना दाखवायचं?

ही आत आली, सगळं सांगितलं. तूप, स्पॉन्सर, फनी पर्याय, भाग दोन, सगळं. दीपिका ऐकत होती. तीच उठली आणि मीराबाईंकडून बादली परत घेऊन आली. हात लांब धरून, तोंड वाकडं करून, पण आणली. “तुमच्या घरच्या गौरीला तुमच्या घरचं,” म्हणाली. “मला फक्त त्यांच्या नांग्या धरायला सांगू नका.” तेव्हा कुठे काकूंच्या तोंडावर जरा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपिकाचा ओवसा झाला, पडदा ओढला, ताट गेलं. काकू पडद्याला धरून उभ्या. अक्षदाला म्हणाल्या, “काढ व्हिडिओ. तुझी नोकरी हा. गौरी काय रागावची नाय.”

हिने फोन काढला. पण कॅमेरा स्वतःकडे फिरवला, पाठीमागे नुसता पडदा. म्हणाली, “गौरीला काय नैवेद्य, हे आम्ही चुकीचं सांगितलं. ते ज्याच्या त्याच्या घरचं असतं. आमच्या घरचं या पडद्याच्या मागे आहे, आणि ते मी दाखवणार नाही.” टिकटिक नाही, पट्टी नाही. धम्मपालला पाठवला.

त्याने फक्त अंगठा पाठवला. सरांचा मेसेज आला, “उत्तर कुठाय? रिव्हील नसेल तर कोण बघणार? उद्यापर्यंत नैवेद्याचा शॉट पाठव, नाहीतर सिरीज दुसरीला देतो.”

हिने फोन उलटा ठेवला आणि आईच्या बाजूला भिंतीला टेकून बसली. इतकी दमलेली, की रस्सा समोर आला तरी हात उचलेना. काकूंनीच एक नांगी फोडून तिच्या पानात ठेवली. दुसरा दिवस उजाडला, गेला, शॉट काही गेला नाही. आता सिरीजमध्ये दुसरी मुलगी आहे. आणि काकूंनी तो कार्यक्रम बघायचाच सोडलाय.

मी तिला म्हटलं, एक शॉट दिला असतास तर आईला हिरवी पट्टी मिळाली असती आणि तुझी सिरीजही राहिली असती. तू सांग ना यार, तू तिच्या जागी असतास तर काय केलं असतंस?