घुगरी गालापासून एक बोट

मानोऱ्यात माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि माणूस गेलं की हार घालायची फ्रेम. या शेवटच्या कामात माझा हात चांगला, असं लोक म्हणतात. फाटक्या कॉलरच्या माणसाला मी कडक इस्त्रीचा शर्ट चढवून देते, मिटलेले डोळे उघडून देते. जिवंतपणी कुणी एवढी काळजी घेतली नसेल.

अलीकडे फोनातल्या एका ॲपचा नाद लागला. त्याला फोटो द्यायचा आणि खाली लिहायचं: हा भरतकामासारखा कर, हा कागदाचे थर कापून केल्यासारखा कर. मराठीत लिहिलं तरी त्याला कळतं. नमुना म्हणून मी एक मोर दुकानाबाहेर टांगला होता, भरतकामाचा. टाके इतके उठावदार की येणारा-जाणारा बोट लावून बघायचा आणि हिरमुसायचा.

तसंच बोट लावलं फुलसिंग काकाजींनी. फरक इतकाच की त्यांना तो मोर दिसत नव्हता.

"काच हाय," ते म्हणाले.

"काचच असन ना मामाजी, म्या सांगतलं होतं तुमाले," त्यांचा हात धरून उभी असलेली नीता म्हणाली. नीता म्हणजे त्यांची सून. त्यांचा बंजारा तांडा इथून जवळच. तिचं लग्न मीच काढलं होतं कॅमेऱ्यात, त्यामुळे ओळख होती. काकाजींचे डोळे काचबिंदूनं गेले, तेही मला माहीत होतं. मोतीबाई, त्यांची बायको, गेल्या पोळ्याच्या आधी वारली, तेही. तिच्या फोटोची फ्रेम मीच करून दिली होती.

"मंग लोकायले ते फुलून आल्यासारखं दिसते, ते खोटं हाय म्हन," काकाजींनी मला विचारलं.

"सावली असते काकाजी. उजेड एका बाजूनं टाकला की सपाट कागदही फुगल्यासारखा दिसतो. हाताला काही लागत नाही."

"मले हाताले लागनारंच पाह्यजे." ते स्टुलावर बसले. "डोये गेले तवा मोती होती. सकाळी उठली का माहा हात घे अन् आपल्या तोंडावर ठेवे. म्हने, ओळखा पाहू कोन आली. दुसरं कोन येनार होतं, सांग बरं? पन रोज इचारे." त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. "आता बोटं इसरून राह्यली. कालच्याले नाक आठवलं, तं गाल आठवेना. तू बनवून दे मले तिचं तोंड. बोटं पुरी कोरी व्हायच्या आधी."

नीतानं मान दुसरीकडे फिरवली. मी म्हणाले, बघते.

मोतीबाईचा एकच चांगला फोटो होता, नीताच्या लग्नातला. मंडपात कुणावर तरी ओरडता ओरडता ती कॅमेऱ्याकडे वळली होती. कपाळावर ओढणी, कानांच्या वर केसांत गुंफलेला टोपली नावाचा चांदीचा दागिना, आणि त्याला लोंबणारी घुगऱ्यांची झुंबरं दोन्ही गालांशी. मी तो फोटो ॲपला दिला आणि लिहिलं: याची मातीची मूर्ती कर.

आलं ते पाहून नीता तोंडात पदर कोंबून हसली. "ताई, आमच्या सासूबाई तं सिरियलीत गेल्या!"

खरंच. ओठ भरलेले, भुवया कोरलेल्या, वय तिशीचं, माती कसली, गुळगुळीत प्लास्टिकच. चूक माझी. नुसतं 'माती' म्हटलं की त्याला जी माती सर्वात जास्त पाहून माहीत, ती ते देतं. मग मी नीट लिहिलं. कुंभाराची ओली, तपकिरी माती, पॉलिश नाही, बोटांचे ठसे दिसू देत. सपाट फळीवर उठावाचा चेहरा. उजेड डावीकडून तिरपा. वय, सुरकुत्या, चेहऱ्याची ठेवण बदलू नकोस. माती सुधारली. चेहरा मात्र दरवेळी थोडा सरकत होता. एकदा हनुवटी दुसऱ्याच बाईची, एकदा डोळे. सगळं एकदम मागितलं की ते सगळंच नव्यानं काढतं, म्हणून मी जमलेलं चित्र धरून ठेवलं आणि एकेक गोष्ट दुरुस्त करायला लागले.

पण चित्र म्हणजे शेवटी काचच. हाताला लागणारं काहीतरी हवं म्हणून मी थरांचा मार्ग धरला. फ्रेमच्या आत लावतो तो जाड माउंटबोर्ड माझ्याकडे असतोच. ॲपला सांगितलं: याच चेहऱ्याचे कागदी थर कर, प्रत्येक थर एकाच रंगाचा, सगळ्यात मागचा गडद, पुढे येत जाईल तसा फिका, प्रत्येक थराच्या काठाखाली सावली. थर वेगळे वेगळे करून मागितले तर त्यांचे काठ एकमेकांशी जुळेनात, तेव्हा एकच चित्र छापलं, प्रत्येक रंगाची कड ट्रेसिंग पेपरवर उतरवली, त्याबरहुकूम माउंटबोर्ड कटरनं कापला आणि थर एकावर एक चिकटवले. फारच सुंदर झालं. मी स्वतःवर खूश होते.

काकाजींनी दुकानात येऊन त्यावरून हात फिरवला. वरून खाली. परत खालून वर.

"हे तं शेतातले बांध हायत," ते म्हणाले. "एक उतरला का दुसरा. मोतीचं तोंड काय पायऱ्यायचं होतं?"

"कागद असाच येतो काकाजी. गोल होत नाही."

"अन् हे काय?" त्यांचं बोट गालाच्या कडेला अडकलं. "घुगरी मागं काहून टाकली?"

मी पाहिलं. घुगऱ्यांचा थर गालाच्या मागे होता, ओढणीच्या नक्षीत मिसळलेला. फोटोत घुगऱ्या काळसर दिसत होत्या, चांदी काळवंडलेली, त्यावर ओढणीची सावली. जे काळं ते लांब, असं ॲपनं समजून घेतलं होतं. आणि मीही समजून घेतलं होतं. एवढी लग्नं काढली तांड्यावरची, पण घुगरी कुठं लोंबते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. चमकते एवढंच पाहिलं होतं.

"फोटोत खोली नसते," मी म्हणाले. "कुणीतरी सांगावी लागते. मला माहीत नाही, त्या ॲपला माहीत नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहिते."

"म्या सांगू?"

"दुसरं कोण सांगणार?"

काकाजींनी मान खाली घातली. नीता म्हणाली, "सांगा ना मामाजी, लाजता काहून?"

"तू भायेर जाय."

"म्या नाई जात. मलेही आयकाचं हाय."

मग ते सांगायला लागले आणि मी टाइप करायला लागले. घुगरी सगळ्यात पुढं. गालापासून एक बोट सुटलेली, पण हसली तर गालाला टेके. उजवी डावीपेक्षा खाली, कारण उजव्या बाजूचे केस विरळ झाले होते. त्यामागे नाक. नाक सरळ नव्हे. लहानपणी पडली होती विहिरीच्या काठावर, मधे एक गाठ आहे, गव्हाच्या दाण्याएवढी. गाल...

"गाल बसलेले?" मी विचारलं.

"बसलेले कायले? वरतून बसलेले. खालतून भरलेले. जशी पोयी फुगते अन् मंग मधातून बसते तशी."

नीता फिस्सकन हसली. काकाजींनाही हसू आलं. "तिले म्हटलं असतं तं लाटनं फेकून मारलं असतं," ते म्हणाले. मग कपाळ, त्यावर ओढणीची कड, कडेवरची कवडी. ओढणी सगळ्यात मागे, पण कपाळाशी येते तिथे पुढे. फोटोत ओरडते आहे म्हटल्यावर वरचा ओठ जरा उचललेला. इतक्या वर्षांत आमच्या दुकानात कुणी नवऱ्यानं बायकोचं इतकं वर्णन केलेलं नाही. बाकीचे सांगतात, जरा गोरी करा.

ते सगळं मातीच्या चित्राखाली लिहून मी एंटर दाबलं. या वेळी घुगरी पुढे आली, तिची बारीक सावली गालावर पडली. सावली पाहून कळत होतं, मधे एक बोट जागा आहे. नीतानं स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. "आता आल्या," ती हळूच म्हणाली.

कागद काही गोल होणार नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कुंभाराकडून मळलेली माती आणली. मूर्ती मी कधी केली नव्हती. पण समोर चित्र होतं, आणि चित्रात प्रत्येक उंचवट्याच्या खाली सावली होती. सावली रुंद तिथे माती जास्त, अरुंद तिथे कमी. फळीवर हळूहळू चेहरा उभा राहिला. ओबडधोबड, पण चेहरा. काकाजी आले तेव्हा माती अजून ओलीच होती.

त्यांनी हात ठेवला. मी आणि नीता शेजारी उभ्या.

"नाई," ते म्हणाले.

पण त्यांनी हात काढला नव्हता. अंगठा नाकावर गेला, मधोमध दाबला, थोडी माती तिथे सरकवली, गाठ वर आणली. मग गाल. वरून दाबला, खालून भरला. मी त्यांना थांबवणार होते. चित्राबरहुकूम केलेला गाल ते मोडत होते. मग वाटलं, चित्र तरी कुणाच्या बोलण्यावरून केलं होतं?

बोटं एका जागी जात, थांबत, मागे येत. एकदा सगळी हनुवटीच उतरवून ठेवली आणि पुन्हा लावली. चेहरा आता माझ्या चित्रासारखा राहिला नव्हता, फोटोसारखाही नव्हता. एक डोळा लहान झाला होता. बघायला, खरं सांगायचं तर, बरा दिसत नव्हता.

काकाजींचे हात एकाएकी थांबले. दोन्ही तळवे दोन्ही गालांवर.

"हाव, हेच," ते म्हणाले. एवढंच.

नीता दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "काकाजी, आता याला सावलीत वाळू देऊ. मग भाजून आणते, वरून रंग देते. कायमचं राहील."

"वाळवू नको."

"वाळली नाही तर टिकणार नाही. पडेल, दबेल."

"वाळली का मंग फोटोच झाली ना बाई," ते म्हणाले. "कडक. मंग म्या काय कराव? रोज तेच ते नाक. म्या इसरलो, अन् ते चूक असलं, तं दुरुस्त कसं कराव?"

"आणि दबली तर?"

"तं पुना करीन."

मी एक जुनी सुती साडी फाडली, भिजवली, पिळली आणि चेहऱ्यावर टाकली. वरून प्लास्टिक गुंडाळलं. नीताला सांगितलं, कापड रोज ओलं करायचं, पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. ती म्हणाली, "म्हंजे मले आता सासू पुना सांभाळा लागन," आणि डोळे पुसले.

तांड्यावरच्या सेवालालचा ऑटो दुकानासमोर उभा होता. काकाजी मागे बसले, फळी मांडीवर आडवी. मी लिहून लिहून काढलेलं चित्र काउंटरवरच राहिलं. ते कुणी मागितलं नाही, आणि मीही द्यायला धावले नाही. सेवालालनं विचारलं, "काकाजी, काय नेऊन राह्यले एवढं झाकून?"

"तू समोर पाहून चालव," ते म्हणाले. "अन् खड्ड्यात हळू."

ऑटो वळेपर्यंत दिसत होतं. त्यांनी प्लास्टिकखाली हात घातला होता.