बाहेरच्यांसाठी नियम

वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, दहावा व्हायचा होता, म्हणून उत्तरा देवळाच्या फाटकाबाहेर उभी होती. नंदकिशोरकाका, देवळाचे सेक्रेटरी, आत उभे होते. तिने लिहून आणलेला पाटीच्या मजकुराचा कागद त्यांनी वाचला, पण परत तिच्या हातात दिला नाही. कठड्यावर ठेवला आणि ती उचलायची वाट बघत राहिले.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून कान्हेरी बघून परतणारे परदेशी पाहुणे हल्ली देवीच्या दर्शनाला येत, बहुतेक हाफ पँटमध्ये. त्यांच्यासाठी इंग्रजी पाटी हवी होती. मराठी पाटी अण्णांनी केलेली, तेव्हा इंग्रजी मुलीने करावी, असं कमिटीचं ठरलं.

"किती गं ही लाडीगोडी! 'कृपया गुडघे झाकावेत, ओढणी फाटकाशी ठेवली आहे.' सरळ लिही ना, हाफ पँट बंद."

"बंद लिहिलं तर ते परत जातील, काका. ओढणी कशाला ठेवलीय मग?"

"बरं. चपला, बेल्ट, फोटो, ठीक. पण हा शेवटचा नियम काढ. सुतक त्यांना काय कळणार?"

"म्हणूनच सोपं लिहिलंय. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर आमच्या प्रथेप्रमाणे पायरीवरून नमस्कार करावा."

"काढ गं!"

"मराठीत आहे तो इंग्रजीतही राहील. नाहीतर दुसरं कोणी शोधा."

काकांनी चडफडत कागद फाटकाला चिकटवला. नमुना म्हणून, असं दोनदा बजावलं.

थोड्या वेळाने एक उंच परदेशी बाई आली. बूट काढले, ओढणी गुंडाळून घेतली, कागद शेवटपर्यंत वाचला आणि तिथेच थांबली.

"कम, कम! ड्रेस ओके!" काका आतून हात हलवत ओरडले.

ती हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"आई गेली तिची. मागच्या आठवड्यात. ती इथूनच नमस्कार करते म्हणते."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! तिला कसलं सुतक? गोत्र नाही, काही नाही. सांग तिला, तुला लागत नाही. ये आत."

सकाळपासून उत्तराला शांतपणे, गोड शब्दांत सगळं पटवून द्यावं लागत होतं. आता जमेना.

"मी हे सांगणार नाही."

"का? इंग्रजी येत नाही?"

"येतं. तिची आई गेलीय आणि तिला काही लागत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही सांगा."

काकांनी त्या बाईकडे पाहिलं. "यू... मदर..." एवढं म्हणाले आणि अडकले. मग वैतागून उत्तराकडे वळले.

"अण्णांचीच मुलगी तू! ठेवा, ठेवा तो नियम. बसा सगळ्या बाहेर!"

पाय आपटत ते आत गेले आणि प्लास्टिकच्या दोन खुर्च्या घेऊन आले. फाटकाबाहेर, सावलीत मांडल्या. एक डगमगत होती, तिच्याखाली विटेचा तुकडा सरकवला.

"इथून देवी नीट दिसत नाही," ते कुरकुरले, आणि आत जाऊन गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसांना बाजूला सारू लागले.