सहावी पायरी धरते, सातवी सोडते

मॅडम बावीस वर्षं तेच गणित शिकवत होत्या. गुळगुळीत भिंतीला टेकवलेली शिडी, घर्षण फक्त जमिनीशी, माणूस चढतोय. किती उंचीवर शिडी घसरेल? यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आवाज इतका बारीक, की सगळे तिला चिमणी म्हणत.

"मॅडम, तुम्ही कधी चढून पाहिलंत?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "नाही गं," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाला सगळ्यांना यंत्रशाळेत बोलावलं.

यंत्रशाळेतले काका सकाळपासून तयारीला लागले होते. शिडीच्या वरच्या टोकाला त्यांनी दोन चाकं बसवली, म्हणजे भिंत शिडीला नुसती ढकलेल, धरणार नाही. शिडीचे पाय भिंतीपासून दोन मीटर, टोक तीन मीटर उंचावर. पाय घसरलेच तर वीतभरच सरकावेत म्हणून ते खांबाला सैल दोराने बांधले. खाली गाद्या पसरल्या. शिवाय छताच्या हुकातून आलेला दोर मॅडमच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवला आणि दुसरं टोक हातात घेऊन काका उभे राहिले.

मुलांनी शिडीच्या पायाखालच्या लाकडाचा तसाच एक तुकडा फरशीवर ओढून पाहिला. त्यावर ठेवलेलं दहा किलोचं ओझं हलवायला चार किलोंची ओढ लागत होती. शिडी दहा किलोंची, पायऱ्या दहा, सारख्या अंतरावर. सगळं हाताशी आलं, एक आकडा सोडून.

"मॅडम, तुमचं वजन?" ढोल्याने विचारलं. वर्गातला सगळ्यात दांडगा आणि सगळ्यात वात्रट मुलगा तो.

मॅडम लालबुंद झाल्या. घरातला वजनकाटा त्यांनी कपाटामागे सारून ठेवला होता. नवऱ्यालाही थांगपत्ता नव्हता. "वजनाशिवाय करा," त्या म्हणाल्या.

"कसं करणार? अंदाजपंचे?"

हशा पिकला. मॅडमनाही हसू आलं, पण आतून धाकधूक होतीच. सांगावं लागणार की काय!

चिमणी मात्र कोपऱ्यात वहीवर वाकली होती. एकदम ती उठली. "मॅडम, मी पन्नास धरलं, मग नव्वद. दोन्ही वेळा घसरायची जागा सहाव्या आणि सातव्या पायरीच्या मध्येच येतेय!"

"चुकलं असेल तुझं," ढोल्या म्हणाला आणि स्वतः मांडायला बसला. थोड्या वेळाने डोकं खाजवत म्हणाला, "च्यायला, बरोबर आहे की!"

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "का बरं तसं?"

"जाड माणूस चढला की भिंतीचा रेटा वाढतो," चिमणी म्हणाली, "पण जमिनीवरचा दाबही वाढतो, म्हणून पकडही वाढते. जवळजवळ फिटंफाट. हां, शिडी स्वतः जड असती तर फरक पडला असता."

मॅडम साडीचा पदर खोचून चढल्या. तिसरी, चौथी, पाचवी. सहाव्या पायरीवर शिडी कुरकुरली, पण हलली नाही. त्यांनी सातव्या पायरीवर पाय ठेवला, हळूच भार टाकला, आणि खर्रर्र! शिडीचे पाय सरकले, खांबाचा दोर ताणला गेला, शिडी वीतभर खाली येऊन थांबली. काकांनी कमरेचा दोर घट्ट धरला होता. मॅडम किंचाळल्या आणि मग स्वतःच खो खो हसत सुटल्या. खाली टाळ्या आणि शिट्ट्या.

"आता सांगा," त्या उतरून धापा टाकत म्हणाल्या, "शिडी न हलवता मला नवव्या पायरीवर पोचवायचंय."

यावर बराच गोंधळ झाला. कुणी म्हणालं, मॅडमनी उपास करावा. शेवटी ढोल्या म्हणाला, "मी खालच्या पायरीवर उभा राहिलो तर? माझ्यामुळे शिडी फारशी ढकलली जाणार नाही, पण जमिनीवर दाब पडेल."

चिमणीने मॅडमचे पुन्हा नव्वदच धरून आकडे घातले आणि मान डोलावली. शिडी पुन्हा जागेवर लावली. ढोल्या पहिल्या पायरीवर बाजूला सरकून, छाती फुगवून उभा राहिला. मॅडम त्याला ओलांडून वर निघाल्या. सातवी गेली, आठवी गेली. नवव्या पायरीवर त्या भिंतीला हात लावून थांबल्या आणि खाली पाहिलं. सगळे चेहरे वर वळलेले.

"ढोल्या, उतरू नकोस हं बाबा!"

"मॅडम, मी जागचा हलत नाही," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वजनाचं कुणीतरी कौतुक करतंय."

त्या संध्याकाळी मॅडमच्या पोटऱ्या चांगल्याच भरून आल्या. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"आज घसरले," त्या म्हणाल्या, "अगदी हिशोबाप्रमाणे," आणि तेलाची बाटली त्याच्या हातात देऊन पाय पसरून बसल्या.