बिनगाण्याचे दिवस

"जलद गाणं लावलं की माझी नाडी पळते," हा बाबांचा हेका. त्यांची फिजिओथेरपिस्ट लेक वैतागली. "अहो बाबा, गाण्याच्या नादात तुम्ही पायडल जोरात मारता, म्हणून पळते! वेग तोच ठेवा, मग बघू."

घरातल्या व्यायामाच्या सायकलवर भार तोच, मिनिटाला फेरे साठच, वेळ सकाळी आठची. जलद गाणं, संथ गाणं की गाणंच नाही, हे चिठ्ठी काढून ठरायचं. दहा मिनिटांनी बाबा नाडी लिहायचे आणि दमणुकीला दहापैकी गुण द्यायचे.

बारा दिवसांनी लेकीनं वही उघडली. नाडी रोज एकशेपाचच्या आसपास. दमणूक संथ गाण्याला पाच, जलदला चार. लेक खूश झाली. पण बिनगाण्याच्या चारही दिवशी फक्त दोन!

"खरं सांगा, त्या दिवशी काय ऐकत होतात?"

"काही नाही गं. गाणं नसलं की तुझी आई शेजारी स्टूल टाकून बसायची आणि दहा मिनिटं मला झापायची."

लेकीनं कपाळावर हात मारला. "सगळं मुसळ केरात! आता आईला बाहेर पाठवून पुन्हा करू."

"मग मी नाही बसत सायकलवर," बाबा म्हणाले.